‘नअम’ म्हटले तर कर्ज कबूल झाले का? ‘बला’ या उत्तराची पार्श्वभूमी

अरबीत होकारासाठी ‘नअम’ आणि नकारासाठी ‘ला’ हे शब्द पहिल्याच धड्यात येतात. घोळ सुरू होतो तो प्रश्नच नकारार्थी असला की. ‘तू विद्यार्थी नाहीस का?’ या प्रश्नाला, आपण विद्यार्थी असल्यास, अभिजात अरबीत ‘बला’ म्हणायचे. ‘नअम’ म्हटले तर ‘बरोबर, मी विद्यार्थी नाही’ असा अर्थ होतो. नियमाचा गाभा एवढाच आहे. नअम समोरच्याच्या वाक्याला मान डोलावते, मग ते वाक्य होकारार्थी असो वा नकारार्थी. बला मात्र त्या वाक्यातला नकार मोडून काढते. मराठीत ‘जेवला नाहीस का?’ या प्रश्नावर आपण ‘जेवलो की!’ म्हणतो, तेव्हा त्या ‘की’कडे जे काम असते, तेच अरबीत बलाकडे आहे. फरक इतकाच की मराठीत क्रियापद पुन्हा उच्चारावे लागते आणि अरबीत एका शब्दात भागते. (संकट या अर्थाची आपली ‘बला’ही अरबीतूनच आली असली, तरी तो वेगळा शब्द आहे.)

हा नियम लेखी स्वरूपात प्रथम सापडतो तो आठव्या शतकात बसरा येथे रचल्या गेलेल्या व्याकरणाच्या आद्य ग्रंथात. तेथे तो अगदी थोडक्यात आहे: नकारानंतर बला होकार प्रस्थापित करते आणि नअम वचन देते किंवा दुजोरा देते. बला मुळात ‘बल्’ (उलट, किंबहुना) या अव्ययापासून आली की स्वतंत्र आहे, यावर बराच वाद झाला, पण वापराच्या दृष्टीने त्यातून फारसे काही निघत नाही. अधिक लक्ष देण्याजोगी गोष्ट कुराणातील वापराची आहे. तेथे बला 22 वेळा आणि नअम केवळ 4 वेळा येते, आणि त्या चारही ठिकाणी आधीचा प्रश्न होकारार्थी आहे. याचा अर्थ असा की ‘नकारानंतरची नअम नकारालाच दुजोरा देते’ या अर्ध्या नियमाला कुराणातले एकही उदाहरण नाही. तो अर्धा भाग व्याकरणकारांनी बोलीवरून आणि तर्काने उभा केला, आणि पुढचे सगळे भांडण नेमके त्याच अर्ध्या भागावरून झाले.

भांडणाच्या केंद्रस्थानी सातव्या अध्यायातील 172 वी आयत आहे. आदमच्या वंशजांना ईश्वर विचारतो, ‘अलस्तु बि-रब्बिकुम?’, म्हणजे ‘मी तुमचा पालनकर्ता नाही का?’ ते उत्तरतात, ‘बला’. पैगंबरांच्या एका चुलत भावाच्या नावावर यावर एक भाष्य सांगितले जाते: त्यांनी ‘नअम’ म्हटले असते, तर ते नास्तिक ठरले असते. व्याकरणाच्या वर्गात हे वाक्य आजही छडीसारखे उगारले जाते. एका शब्दाच्या चुकीने श्रद्धा गमावल्याची कल्पना विद्यार्थ्याच्या चांगली लक्षात राहते, हे खरे. परंतु जुन्या पंडितांनीच या भाष्यावर जे आक्षेप घेतले, ते वर्गात सहसा सांगितले जात नाहीत.

बाराव्या शतकात अंदालुसियातील मालागा येथील एका पंडिताने मुद्दा असा मांडला की ‘मी तुमचा पालनकर्ता नाही का?’ हा माहिती विचारणारा प्रश्नच नव्हे. समोरच्याकडून कबुली घेण्यासाठी केलेला हा प्रश्न आहे. त्याचे रूप नकारार्थी असले तरी आशय ‘मी तुमचा पालनकर्ता आहेच’ असा होकारार्थी आहे. मग नअमने दुजोरा मिळतो तो या होकाराला, आणि त्यात नास्तिकपणा कोठून आला? या बाजूने पुरावेही होते. पैगंबरांनी अन्सारांना, म्हणजे मदीनेतील आपल्या साहाय्यकांना, ‘तुम्हाला हे मान्य नाही का?’ असे विचारले असता त्यांनी ‘नअम’ म्हटल्याची नोंद आहे, आणि तेथे नअमचा अर्थ ‘मान्य आहे’ हाच आहे. उमय्या खलिफांच्या काळात तुरुंगात पडलेल्या एका कवीने स्वतःलाच विचारले की रात्र मला आणि माझ्या प्रियेला एकत्र आणत नाही का, आणि उत्तर दिले: नअम, तिला दिसते तीच चंद्रकोर मलाही दिसते. येथे ‘नअम’चा अर्थ ‘नाही आणत’ असा घेतला तर ओळच कोसळते.

सर्वांत अडचणीचा पुरावा मात्र आद्य ग्रंथातच आहे. बसऱ्याचा तो ग्रंथकार एके ठिकाणी प्रतिपक्षाशी वाद घालताना लिहितो की त्याला ‘तू असे म्हणत नाहीस का?’ असे विचारले, तर ‘नअम’ म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर राहणार नाही. ज्याने नियम घालून दिला त्यानेच, बला हवी तेथे, नअम लिहिली. मालागाच्याच दुसऱ्या एका व्याकरणकाराने, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ही ग्रंथकाराची भाषिक चूक आहे असे सरळ सांगून टाकले. अरबी व्याकरणाच्या आद्याचार्याला अरबी येत नव्हते असा हा निष्कर्ष! माझ्या मते यातून व्याकरणकाराचा हट्ट तेवढा दिसतो. नियम आणि नियमकर्त्याची सहज लेखणी यांत विसंगती आढळली, तर शंका आधी नियमाच्या व्याप्तीवर घ्यायला हवी.

तेराव्या शतकात सेव्हिलच्या एका पंडिताने यातून वाट काढली, आणि ती मला सर्वांत पटते. त्याने दिरहमाचे उदाहरण घेतले. मी तुला विचारले, ‘मी तुला एक दिरहम दिला नाही का?’ माझ्या मनात ‘दिलाच’ हे गृहीत आहे, पण ते तुला मान्य असेल किंवा नसेल. तू नुसते ‘नअम’ म्हणालास, तर ऐकणाऱ्यापुढे दोन अर्थ उभे राहतात: प्रश्नाच्या शब्दांना धरून ‘बरोबर, दिला नाहीस’, किंवा प्रश्नामागच्या गृहीताला धरून ‘बरोबर, दिलास’. कोणता अर्थ घ्यायचा हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. म्हणून अरबांनी अशा प्रश्नांना शब्दरूपानुसारच उत्तर देण्याची रीत ठेवली, जेणेकरून दिला असल्यास बला आणि दिला नसल्यास नअम असे निःसंदिग्ध वाटप होते. जेथे संदिग्धतेला वावच नाही, तेथे नअम होकारासाठी चालते. रात्र सर्वांवर सारखीच पडते हे कवीच्या श्रोत्यांना ठाऊक आहे आणि अन्सारांचे मत तेथे हजर असलेल्यांना ठाऊक आहे. आद्य ग्रंथातील नअमही याच वर्गात बसते.

चौदाव्या शतकात कैरोमध्ये ही सगळी मते एकत्र मांडली गेली, तेव्हा त्या जुन्या भाष्याचाही सौम्य अर्थ सुचवण्यात आला: वंशजांनी ‘नअम’ म्हटले असते तर ते नास्तिक ठरले नसते, फक्त त्यांची कबुली पुरेशी ठरली नसती, कारण श्रद्धेच्या कबुलीत दोन अर्थ निघणारा शब्द चालत नाही.

श्रद्धेच्या बाबतीत हे ठीक आहे. पैशांच्या बाबतीत काय? धनको काझीसमोर विचारतो, ‘अलैसा ली अलैका अल्फ?’, म्हणजे ‘माझे तुझ्याकडे एक हजार येणे नाही का?’ ऋणको ‘बला’ म्हणाला तर कर्ज अंगावर आले, यात मतभेद नाही. तो ‘नअम’ म्हणाला तर व्याकरणाच्या काटेकोर वाचनानुसार त्याने ‘बरोबर, तुझे काहीही येणे नाही’ असे म्हटले आहे, म्हणजे तो सुटला. व्याकरण शिकलेल्या ऋणकोसाठी ही नामी पळवाट होती. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये लिहिल्या गेलेल्या, इस्लामी कायद्याच्या शाफिई पंथाच्या संक्षिप्त नियमग्रंथाने ती बंद केली. बला म्हणा किंवा नअम म्हणा, दोन्ही कबुलीच, असा निर्णय त्यात आहे. नअमबाबत एक वेगळे मत असल्याची नोंद तेवढी केली आहे. कोकणी मुसलमान शाफिई पंथाचेच असल्याने हा निर्णय आपल्या किनारपट्टीला परका नाही. हनफी या दुसऱ्या कायदेपंथाच्या ग्रंथांत आधी ‘नअमने कबुली होत नाही’ असे म्हटले आहे आणि त्यालाच जोडून दुसरे मत दिले आहे की होते, कारण कबुली लोकांच्या बोलण्याच्या रीतीनुसार तोलायची असते, अरबीच्या बारकाव्यांनुसार नव्हे.

या शेवटच्या कारणात एक मोठी कबुली दडली आहे. बाजारात नअम आणि बला यांतला भेद तेव्हाच पुसट झाला होता. काझीला व्याकरणकाराचे ऐकून निवाडा करणे परवडणारे नव्हते.

त्यानंतर शब्दांचा प्रवास निरनिराळ्या दिशांनी झाला. फारसीने बला उचलली आणि तिचे ‘बले’ करून तिला सर्वसाधारण, आदरार्थी ‘हो’ बनवले. परिणामी नकार मोडण्यासाठी तेथे दुसरा शब्द लागला, आणि ते काम ‘चेरा’ (मुळात ‘का?’) करू लागला. अरबी बोलींत आखाताकडे आणि लेबनॉन-सीरियाच्या पट्ट्यात बला ‘इम्बला’ किंवा ‘म्बला’ या रूपात टिकून आहे आणि तिचे जुने कामही तिने सोडलेले नाही. कैरोत मात्र ‘तू येत नाहीस?’ या प्रश्नाला ‘ला, येतोय’ असे उत्तर सर्रास ऐकू येते. म्हणजे ज्या ‘ला’ला व्याकरणाने होकार नाकारण्याचे काम दिले, तीच तेथे नकार मोडते. आणि ‘नाही, येत नाही’ म्हणण्यासाठीही तीच ‘ला’ वापरतात. पाठ्यपुस्तके अजून ‘नअम, लस्तु तालिबन’ (हो, मी विद्यार्थी नाही) असेच शिकवतात, पण बोलताना असे उत्तर देणारा अरब मला अजून भेटायचा आहे.

मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या अरबी रुग्णांसाठी मी काही काळ दुभाष्याचे काम केले. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर आपल्या पद्धतीने विचारत, ‘कसली ॲलर्जी नाही ना?’ सुरुवातीला मी त्याचे शब्दशः ‘मा इंदक हसासिया?’ करत असे. एका वृद्ध गृहस्थांनी ‘नअम’ म्हटले. अभिजात अरबीत याचा अर्थ ‘नाही’ होता, मी मनातल्या मनात आयत आठवून तसे सांगितलेही, आणि शेजारी बसलेला त्यांचा मुलगा घाईने म्हणाला, ‘इम्बला, इंदु!’, म्हणजे ‘आहे, आहे त्यांना!’ पेनिसिलिनची होती. त्यानंतर डॉक्टरांचा प्रश्न कसाही असो, मी तो ‘हल’ हा प्रश्नवाचक शब्द लावून होकारार्थी करूनच विचारू लागलो: ‘हल इंदक हसासिया?’ मग नअम आणि ला यांना एकेकच अर्थ उरतो, आणि बलाची गरजच पडत नाही.