‘मनाचं काही लिहिलेलं नाही’ : पाठ केलेलं उत्तर आणि संदर्भ दिलेलं उत्तर

एम.ए.च्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांवर चार पानी निबंध आणून दिला. अक्षर सुंदर, मुद्दे क्रमाने, महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीने मारलेल्या रेघा. संदर्भ मात्र एकही नाही. ‘हे कुठून घेतलंस?’ असं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, ‘सर, मनाचं काहीच लिहिलेलं नाही. सगळं पुस्तकातलंच आहे.’

ती सबब सांगत नव्हती. आपण किती चोख काम केलं, ते सांगत होती. ‘मनाचं लिहू नका, पुस्तकातलं लिहा’ हे शाळेत दहा वर्षं ऐकलेल्या मुलीने यापेक्षा वेगळं काय सांगावं? म्हणून अशा मुलांना वाङ्मयचौर्य हा शब्द पहिल्याच दिवशी सुनावणं मला पटत नाही. पुस्तकाला धरून राहणं आणि स्रोताशी प्रामाणिक राहणं या दोन गोष्टी त्यांना एकच वाटतात, कारण शाळेत त्या खरोखर एकच असतात.

कॉलेजात येण्याआधी मी काही वर्षं शाळेत इतिहास शिकवला, दहावीचे पेपरही तपासले. ‘पुढील विधान सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाचं उत्तर तपासताना शिक्षकाच्या हाताशी आदर्श उत्तर असतं आणि त्यातले मुद्दे तो उत्तरपत्रिकेत शोधतो. मुद्दा सापडला की गुण. मुलाची वाक्यं पुस्तकासारखीच असली तर मुद्दा चटकन दिसतो. वेगळ्या शब्दांत असला तर थांबून वाचावं लागतं, आणि गठ्ठा मोठा असला की थांबणं जड जातं. यात मुलाने कुणाचं काही लपवलेलं नसतं. मूल, शिक्षक आणि मॉडरेटर या तिघांसमोर पाठ्यपुस्तक एकच असतं. ‘हे कुठलं आहे’ हे सांगायची गरजच नसते. प्रश्न एवढाच असतो : हे तुला येतं का?

विद्यापीठातल्या निबंधाचा वाचक वेगळा असतो. त्याच्यासमोर तेच पुस्तक नसतं, आणि तुम्हाला माहिती आहे की नाही हे तो तपासतही नसतो. हे कोण म्हणतं, कशाच्या आधारावर म्हणतं आणि तुम्हाला ते का पटतं किंवा पटत नाही, हे त्याला हवं असतं. पाठ केलेल्या उत्तरात नेमका हा ‘कोण’ गळालेला असतो. पाठ्यपुस्तकाचा आवाज कुणा एकाचा नसतो. त्यात घटना आणि घटनेवरचं मत एकाच सुरात येतात.

त्या मुलीच्या निबंधातलं एक वाक्य असं होतं : ‘सावकारांच्या पिळवणुकीमुळे संतप्त झालेल्या शेतकऱ्यांनी १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव केला व कर्जरोखे जाळले.’ शाळेच्या हिशेबाने यात तारीख, ठिकाण, कारण आणि कृती असे चार मुद्दे आहेत आणि चारही बरोबर. आम्ही दोघांनी बसून ते वाक्य उसवलं. १२ मे, सुपे, रोखे जाळणं, सावकारांच्या हिशेबाच्या वह्या हिसकावणं : यावर कुणाचा वाद नाही. हे सर्वज्ञात आहे, याला संदर्भ नसला तरी चालतो. पण ‘पिळवणुकीमुळे’ हा शब्द घटना सांगत नाही, कारण सांगतो. कारण नेहमी कुणीतरी ठरवलेलं असतं.

इथे ते कुणी ठरवलं? दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला. सरकारची शेतसाऱ्याची मागणी या असंतोषाला कारण झाली का, हे आयोगाने तपासायचं होतं. आयोगाने दोष सावकारांकडे दिला, सरकारी साऱ्याकडे नाही. म्हणजे ‘सावकारांमुळे’ हे उत्तर ज्या सरकारने सारा वाढवला होता त्याच्याच आयोगाचंही आहे. तेवढ्याने ते खोटं ठरत नाही, पण ते कुणाचं आहे हे कळल्यावर वाचक ते वेगळ्या नजरेने वाचतो. पुढे १९७२ साली नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या नियतकालिकात लेख लिहून वेगळाच प्रश्न उभा केला : हे दंगे मुळात आपण समजतो तेवढे मोठे होते का? लेखाच्या शीर्षकातच त्याने ‘मिथ’ हा शब्द वापरला. त्याच्या मते दंग्यांचा आवाका मर्यादित होता आणि त्यांना दिलं गेलेलं महत्त्व त्या मानाने फार जास्त.

आता तेच वाक्य परत वाचा. पाठ केलेल्या वाक्यात आयोग दिसत नाही, चार्ल्सवर्थ तर नाहीच. संदर्भ द्यायचा म्हणजे वाक्याच्या शेवटी कंसात नाव आणि वर्ष टाकायचं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं काम त्याआधीचं आहे. वाक्यातला कुठला भाग सगळ्यांचा, कुठला आयोगाचा आणि कुठला आपला, हा सांधा दिसायला लागला की कंस कुठे टाकायचा हे आपोआप कळतं.

समज दिल्यावर मुलं पुढच्या वेळी काय करतात, ते आता ठरलेलं आहे. ती शब्द बदलतात. शब्द बदलणं आणि स्वतःच्या शब्दांत मांडणं या दोहोंत सगळ्यात जास्त घोटाळा होतो, म्हणून इथे जरा थांबतो. समजा, एखाद्या लेखात असं वाक्य आहे : ‘कापसाचे भाव कोसळल्यावर सावकारांनी हात आखडता घेतला, आणि जी पत शेतकऱ्याला वर्षानुवर्षं गृहीत होती ती एका हंगामात नाहीशी झाली.’ विद्यार्थी लिहितो : ‘कपाशीच्या किमती घसरल्यानंतर सावकारांनी कर्ज देणं कमी केलं, आणि जी पत शेतकऱ्यांना अनेक वर्षं मिळत होती ती एका मोसमात संपली.’ बहुतेक शब्दांच्या जागी दुसरे आले, पण सांगाडा तोच राहिला. आधी भाव, मग हात आखडणं, मग ‘जी… ती’ची जोडी, शेवटी हंगाम. वाक्य मूळ लेखकाचंच आहे. विद्यार्थ्याने फक्त त्याला रंग दिला. खाली नाव टाकलं तरी हे अर्धवटच राहतं, कारण नाव कल्पनेचं ऋण सांगतं, वाक्यरचना मात्र आपलीच असल्याचं भासवतं.

स्वतःच्या शब्दांतलं वाक्य निराळं दिसतं, कारण ते निराळ्या कामासाठी लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ : ‘अमुक लेखकाच्या मते शेतकऱ्याचा राग व्याजदरापेक्षा कर्ज अचानक बंद होण्यावर होता, तसं असेल तर दंगे तेजीत न होता मंदीत का झाले, याचा उलगडा होतो.’ पहिल्या अर्ध्यात लेखकाचं म्हणणं आलं, दुसऱ्या अर्ध्यात ते आपल्या प्रश्नाला लावलं. यात मूळ वाक्याचा सांगाडा उरत नाही, कारण लिहिताना ते वाक्य डोळ्यांपुढे नव्हतं, त्याचा अर्थ होता.

पाठांतराची सवय असलेल्यांची एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. त्यांच्याकडून नक्कल न करताही नक्कल होते. दहावीला घोकलेलं वाक्य सहा वर्षांनी लिहिता लिहिता हातातून उतरतं, आणि ते आपलंच वाटतं, कारण ते खरोखर आपल्या डोक्यातून आलेलं असतं. ओळखायची खूण अशी : बाकी परिच्छेद अडखळत, खोडत लिहिलेला आणि मधलंच एक वाक्य एका दमात, गुळगुळीत, त्यात ‘संतप्त’, ‘अन्यायकारक’, ‘यावरून स्पष्ट होते की’ असे ठरीव शब्द. पेन कुठे अडलं नाही, ते वाक्य आधी तपासायचं.

दुसरी चोरवाट टिपणवहीतून येते. वाचताना चांगलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं, अवतरणचिन्हं घातली नाहीत, पानाचा आकडा ‘नंतर बघू’ म्हणून सोडला. तीन महिन्यांनी वही उघडली की आपलं वाक्य कुठलं आणि लेखकाचं कुठलं, हे सांगता येत नाही. म्हणून मी मुलांना वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला लावतो. डावीकडे लेखकाचे शब्द, अवतरणचिन्हांत, पानाच्या आकड्यासह, त्याच क्षणी. उजवीकडे पुस्तक मिटून लिहिलेलं : तो काय म्हणतो आणि मला काय वाटतं. निबंध लिहिताना फक्त उजवी बाजू वापरायची. डावीकडचं काही घ्यायचं असेल तर अवतरणचिन्हांसकट उचलायचं. पहिला महिनाभर उजवी बाजू रिकामी राहते. मुलं कंटाळतात, ‘सर, माझं काय मत असणार?’ म्हणतात. त्या रिकाम्या जागेवर प्रश्न लिहिला तरी चालतो, असं मी सांगतो. ‘आयोगापुढे शेतकऱ्यांच्या साक्षी कुणी घेतल्या?’ एवढं लिहिलं तरी ती बाजू चालू झाली.

मग टक्क्यांचा प्रश्न येतोच : किती टक्के मजकूर दुसऱ्याच्या मजकुराशी जुळला तर चालतो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि लागोपाठ १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले शब्द मोजणीतून वगळलेले आहेत. यातून ‘१० टक्के चालतं’ असा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. तो नियम पदव्युत्तर आणि संशोधनाच्या प्रबंधांसाठी आणि प्रकाशित होणाऱ्या लेखनासाठी आहे. वर्गातले निबंध, असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका त्यातून बाहेर ठेवल्या आहेत. तिथे शिक्षकाचं वाचनच निर्णायक. शिवाय साम्य शोधणारं सॉफ्टवेअर फक्त त्याच्या साठ्यात असलेल्या मजकुराशी ताडून बघतं. कपाटातलं जुनं मराठी पुस्तक त्या साठ्यात नसेल तर अख्खं पान उतरवूनही आकडा शून्य येतो. आकडा साम्य सांगतो, ऋण सांगत नाही.

त्या मुलीचा दुसरा खर्डा आला तेव्हा तिने उलट टोक गाठलं होतं : प्रत्येक वाक्याखाली तळटीप, सुप्याच्या तारखेलासुद्धा. हे मला चुकीचं वाटलं तरी आवडलं. सवय मोडताना हात आधी दुसऱ्या बाजूला जातोच. एक चूक मात्र गंभीर होती. तिने आयोगाच्या अहवालाचा थेट संदर्भ दिला होता, पानाच्या आकड्यासह. अहवाल तिने पाहिलेला नव्हता. तो आकडा चार्ल्सवर्थच्या तळटीपेतून आला होता. जे वाचलं त्याचंच नाव द्यायचं, आणि ज्याच्यामार्फत वाचलं ते सांगायचं, हे मी तिला समजावलं. तिने तिथेच पेन काढून दुरुस्ती केली : ‘आयोगाचा अहवाल, चार्ल्सवर्थ यांच्या लेखातून उद्धृत.’ मग पेन टेबलावर ठेवून विचारलं, ‘सर, तो अहवाल मूळचा कुठे बघायला मिळेल?’