ॲड्रेनालिन पेशीत शिरतच नाही

आपण दचकलो की मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात आणि थोड्याच वेळात यकृत साखर बाहेर टाकू लागतं. ही साखर यकृताच्या पेशींत ग्लायकोजेन म्हणून साठवलेली असते. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची फांद्याफांद्यांची साखळी. तिच्या टोकाकडून एकेक ग्लुकोज तोडण्याचं काम फॉस्फोरिलेज नावाचं एन्झाइम करतं. ते पेशीत आधीपासूनच भरपूर असतं, पण बहुतेक निष्क्रिय अवस्थेत. ॲड्रेनालिनने ते जागं होतं, हे १९५०च्या सुमारास माहीत होतं. कसं जागं होतं, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. कारण ॲड्रेनालिनचा रेणू पाण्यात विरघळणारा आणि विद्युतभारित असतो. पेशीभोवतीच्या स्निग्ध पटलातून तो पार होत नाही.

अमेरिकेत क्लीव्हलँडला अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी याचा छडा लावला. त्यांची पद्धत फार सुरेख होती. त्यांनी प्राण्यांचं यकृत वाटून त्याचा पातळ लगदा केला आणि त्यात हॉर्मोन घातलं. फॉस्फोरिलेज जागं झालं. पेशी फुटलेल्या असतानाही परिणाम दिसत होता, आणि तोवर असं कुणाला जमलं नव्हतं. मग त्यांनी लगदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला. पटलाचे तुकडे असलेला जड गाळ तळाशी बसला, वर स्वच्छ द्रव राहिला. फॉस्फोरिलेज त्या वरच्या द्रवात होतं, तरी त्या द्रवात हॉर्मोन घातलं तर काहीच घडेना. म्हणजे हॉर्मोनला गाळ हवा होता. आता त्यांनी गाळ वेगळा घेतला, त्यात हॉर्मोन आणि पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी मिसळलं, थोडा वेळ थांबले आणि मिश्रण चक्क उकळलं. उकळल्यावर प्रथिनं निकामी होतात, त्यामुळे गाळातलं कोणतंही एन्झाइम आता शिल्लक नव्हतं. तरी त्या उकळलेल्या मिश्रणाचा निवळ भाग वरच्या द्रवात घालताच फॉस्फोरिलेज जागं झालं.

गाळाने हॉर्मोनच्या सांगण्यावरून काहीतरी छोटं, उष्णतेला दाद न देणारं तयार केलं होतं आणि पुढचं काम ते करत होतं. तो पदार्थ निघाला सायक्लिक एएमपी. एटीपीचे दोन फॉस्फेट काढून उरलेल्याला गाठ मारली की तो तयार होतो. हॉर्मोन हा पहिला दूत, तो बाहेरच थांबतो. सायक्लिक एएमपी हा दुसरा, तो आत हिंडतो. सदरलँड यांना याबद्दल १९७१चं नोबेल मिळालं.

गाळात नेमकं काय होतं, हे उलगडायला पुढची काही दशकं गेली. तिथे तीन प्रथिनं ओळीने काम करतात. पहिलं रिसेप्टर. त्याची साखळी पटलातून सात वेळा आरपार जाते. ॲड्रेनालिन त्याच्या बाहेरच्या बाजूच्या खोबणीत बसतं, आणि त्याचा परिणाम आतल्या टोकाला दिसतो. २०११मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने या अवस्थेची स्फटिकरचना मिळवली. त्यात पटल ओलांडणाऱ्या सात दांड्यांपैकी सहाव्याचं आतलं टोक सुमारे १.४ नॅनोमीटर बाहेरच्या दिशेने सरकलेलं दिसलं. पटल ओलांडून आत जातं ते एवढंच, ही हालचाल.

त्या सरकण्याने आत एक खाच उघडते आणि तिथे जी-प्रथिन येऊन बसतं. विश्रांतीत जी-प्रथिनाने जीडीपी नावाचा छोटा रेणू धरून ठेवलेला असतो. रिसेप्टर तो सोडायला लावतो, रिकाम्या जागी एक फॉस्फेट जास्त असलेलं जीटीपी बसतं आणि जी-प्रथिनाचा अल्फा हा भाग सुटा होऊन पटलाच्या आतल्या बाजूने तिसऱ्या प्रथिनापर्यंत पोचतो. तिसरं म्हणजे ॲडेनिलिल सायक्लेज, एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम. अल्फा चिकटून आहे तोवर ते बनवत राहतं.

एवढी लांबण कशासाठी, याचं उत्तर आकड्यांत सापडतं. ॲड्रेनालिनचं रक्तातलं प्रमाण फार थोडं असतं. लिटरमागे मोलचा दहा अब्जावा भाग, म्हणजे १०⁻¹⁰ मोल, एवढ्यालाही पेशी प्रतिसाद देऊ शकते. यकृताच्या एका पेशीचं आकारमान साधारण ३.४ पिकोलिटर धरलं, तर तेवढ्या रक्तात ॲड्रेनालिनचे रेणू भरतात जेमतेम २००. पेशीच्या आत मात्र सायक्लिक एएमपी १०⁻⁶ मोलच्या घरात पोचतं, म्हणजे त्याच आकारमानात सुमारे २० लाख रेणू. दहा हजार पट वाढ झाली, आणि फॉस्फोरिलेज अजून दोन टप्पे दूर आहे.

पुढचे दोन्ही टप्पे फॉस्फोरिलेशनचे आहेत. त्यात एटीपीच्या शेपटीचा फॉस्फेट गट तोडून तो प्रथिनाच्या एखाद्या ठरावीक अमिनो आम्लावर बसवला जातो. हे करणाऱ्या एन्झाइमना काइनेज म्हणतात. फॉस्फेट आकाराने लहान असला तरी त्यावर चांगला ऋणभार असतो. तो जिथे बसतो तिथलं जवळपासचं आकर्षण-अपकर्षण बदलतं आणि प्रथिनाची घडी वेगळी होते. फॉस्फोरिलेजची साखळी सुमारे ८४० अमिनो आम्लांची असते. त्यातलं फक्त चौदावं, सेरीन, फॉस्फेटधारी झालं की अख्खं एन्झाइम कामाला लागतं.

ते फॉस्फेट बसवणारं एन्झाइम म्हणजे फॉस्फोरिलेज काइनेज. तेही आधी झोपलेलंच असतं. त्यालाही फॉस्फेट लावून उठवावं लागतं आणि ते काम प्रोटीन काइनेज ए करतं. ते तरी कशाने उठतं? सायक्लिक एएमपीने. प्रोटीन काइनेज ए हे चार तुकड्यांचं असतं, दोन काम करणारे आणि दोन त्यांना अडवून धरणारे. अडवणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर सायक्लिक एएमपीचे दोन रेणू बसले की पकड ढिली पडते आणि कामकरी तुकडे मोकळे होतात.

पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत इथे बहुधा एक चूक असते. प्रत्येक टप्प्यावर बाणांची संख्या वाढत गेलेली दाखवतात. या टप्प्यावर तसं होत नाही. सायक्लिक एएमपीचे चार रेणू खर्ची पडतात तेव्हा दोन कामकरी तुकडे सुटतात, म्हणजे इथे संख्या घटते. वाढ होते ती एन्झाइमच्या टप्प्यांवर, कारण एकच काइनेज एकामागून एक कितीतरी प्रथिनांवर फॉस्फेट बसवू शकतं.

फॉस्फेट लावण्या-काढण्याने एन्झाइम चालू-बंद होतं, हे सिएटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी १९५५च्या सुमारास दाखवलं. त्याची सुरुवात गंमतशीर होती. स्नायूतून फॉस्फोरिलेज काढायची जुनी रीत होती, त्यात अर्क गाळणकागदातून गाळत. तसं केलं की सक्रिय एन्झाइम मिळे. या दोघांनी गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज वापरला, तर हाती आलं निष्क्रिय. गाळणकागदात एन्झाइम चालू करणारं काय असणार? त्यात कॅल्शियमचा अंश होता. अर्कात शिल्लक असलेलं एटीपी आणि कागदातून आलेलं कॅल्शियम यांच्या जोरावर फॉस्फोरिलेज काइनेज कामाला लागत होतं.

ही नुसती प्रयोगशाळेतली भानगड नव्हती. फॉस्फोरिलेज काइनेजला पूर्ण जोमाने चालायला फॉस्फेटबरोबर कॅल्शियमही लागतं, आणि स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीत कॅल्शियम वाढतंच. म्हणजे काम करणाऱ्या स्नायूत साखर तोडायचा हुकूम दोन वाटांनी एकाच एन्झाइमपाशी येतो. यकृतातही ॲड्रेनालिन दुसऱ्या एका जातीच्या रिसेप्टरमार्फत कॅल्शियम वाढवतं आणि दोन्ही वाटा तिथेच मिळतात. आणखी एक सोय अशी, की त्याच वेळी ग्लायकोजेन बनवणाऱ्या एन्झाइमवरही फॉस्फेट बसतो आणि ते बंद पडतं. नाहीतर एका हाताने साखळी तोडायची आणि दुसऱ्याने जोडायची, असला उफराटा धंदा चालला असता.

मला या साऱ्यात चालू होण्यापेक्षा बंद होणं जास्त विलक्षण वाटतं. ॲड्रेनालिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, पण ते ओसरल्यावर आतली साखळी आपोआप थांबत नाही. प्रत्येक कडी स्वतंत्रपणे मागे फिरवावी लागते. फॉस्फोडायएस्टरेज सायक्लिक एएमपीची गाठ सोडवून त्याचं साधं एएमपी करतं. फॉस्फेटेज जातीची एन्झाइमं प्रथिनांवर बसवलेले फॉस्फेट काढून टाकतात. उत्तेजित रिसेप्टरच्या शेपटीवरही एक काइनेज फॉस्फेट लावतं, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रथिनाला जागाच उरत नाही. जी-प्रथिनाच्या अल्फा भागाची सोय तर त्याच्या अंगातच आहे. धरलेलं जीटीपी तो स्वतःच काही सेकंदांत फोडतो, त्याचं जीडीपी होतं आणि तो पुन्हा शांत होतो.

अल्फाचं हे जीटीपी फोडणं बंद पडलं तर काय होतं, ते पटकीत दिसतं. पटकीच्या जंतूंच्या विषाचा एक तुकडा आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो आणि अल्फा भागाच्या २०१व्या जागेवरच्या आर्जिनीनला एक मोठा रासायनिक गट चिकटवतो. तेच आर्जिनीन जीटीपी फोडायला मदत करत असतं. आता अल्फा एकदा चालू झाला की चालूच राहतो. ना हॉर्मोन, ना कुणाचा निरोप, तरी सायक्लेज सायक्लिक एएमपी ओतत राहतं. प्रोटीन काइनेज ए पेशीच्या पटलातल्या क्लोराइडच्या वाहिनीवर फॉस्फेट बसवतं, वाहिनी उघडी राहते, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत जातं, त्यामागे सोडियम आणि त्यांच्या मागे पाणी. तीव्र पटकीत रोगी तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो.

२०१व्या आर्जिनीनवर घाला घालायला विषच लागतं असं नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या एखाद्या पेशीत जनुकातल्या एका अक्षराच्या बदलाने त्या आर्जिनीनच्या जागी दुसरं अमिनो आम्ल आलं, तरी अल्फा असाच अडकून राहतो. पोष ग्रंथीत वाढीचं हॉर्मोन बनवणाऱ्या पेशींना सायक्लिक एएमपी म्हणजे वाढा आणि हॉर्मोन सोडा असा हुकूम. त्यामुळे त्या पेशीची गाठ बनते. प्रौढ माणसाचे हात-पाय आणि जबडा रुंदावत जातात. असा रोगी तपासणीला येतो तेव्हा पुष्कळदा वर्षं लोटलेली असतात, अंगठी घट्ट व्हायला लागली किंवा चपलेचं माप वाढलं याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं नसतं. अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून तपासल्या, तर त्यांतल्या बऱ्याच गाठींत अल्फाच्या जनुकातला असाच बदल सापडतो.