एकास पाच: जर्मन कर्जांचा तक्ता आणि कटऑफ कुठे ठेवायचा हा प्रश्न

कर्ज मागायला आलेला माणूस पैसे फेडेल की बुडवेल हे सांगणारं मॉडेल दोन तऱ्हांनी चुकतं. बुडवणाऱ्याला कर्ज दिलं तर मुद्दल अडकतं. फेडणाऱ्याला नाकारलं तर मिळू शकलं असतं ते व्याज हुकतं. दोन्ही चुका कागदावर एकेकच दिसतात, पण बँकेच्या वहीत त्यांचं वजन फार वेगळं असतं.

चुकांचे दोन प्रकार वेगळे मोजायचे हा विचार संख्याशास्त्रात जुना आहे. येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये त्याला गणिती रूप दिलं. प्रत्येक निर्णयाला नुकसानीचा आकडा जोडून सरासरी नुकसान कमीत कमी ठेवायचं, ही चौकट पुढे अब्राहम वाल्ड यांनी उभी केली. (भारत दौऱ्यावर असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत झालेल्या विमान अपघातात वाल्ड गेले, निर्णयशास्त्रावरचं त्यांचं मुख्य पुस्तक त्याच वर्षी आलं होतं.) मशीन लर्निंगवाल्यांनी मात्र बराच काळ अचूकतेची टक्केवारीच धरून ठेवली. त्यांना हा विचार कसा पचला आणि कुठे अडकला, हे एका डेटासेटच्या गोष्टीतून चांगलं कळतं.

हा डेटासेट म्हणजे ‘जर्मन क्रेडिट’. हॅम्बुर्ग विद्यापीठातल्या हान्स हॉफमन यांच्याकडून तो आला. त्यात १००० कर्जं आहेत, ७०० चांगली आणि ३०० बुडीत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅटलॉग या युरोपीय प्रकल्पात अनेक अल्गोरिदमांची तुलना झाली, तेव्हा या डेटासोबत खर्चाचा तक्ता, म्हणजे कॉस्ट मॅट्रिक्स, दिलेला होता. बुडीत ग्राहकाला चांगला म्हटलं तर खर्च ५, चांगल्याला बुडीत म्हटलं तर १, बरोबर ओळखलं तर ०.

या तक्त्यावर आधी हातानेच हिशेब करून पाहू. सगळ्यांना कर्ज द्या: ३०० चुका, प्रत्येकी ५, एकूण १५००. सगळ्यांना नाकारा: ७०० चुका, प्रत्येकी १, एकूण ७००. म्हणजे ७० टक्के अचूक असलेलं धोरण ३० टक्के अचूक धोरणाच्या दुपटीहून महाग पडतं. कोणत्याही मॉडेलला हरवायचा आकडा ठरला: दर अर्जामागे ०.७. १९९४ मध्ये निकाल पुस्तकरूपात आले, तेव्हा खर्च लक्षात घेऊन चालवलेलं साधं रेषीय विभेदन ०.५४ च्या आसपास होतं, तर त्या काळी गाजत असलेलं सी४.५ हे निर्णयवृक्षाचं अल्गोरिदम १ च्या जवळ. काहीही न शिकता सरसकट नकार देणाऱ्याने त्याला हरवलं. ते झाड अल्गोरिदम म्हणून वाईट नव्हतं. त्याला चुकांची संख्या कमी करायला सांगितलं होतं आणि त्याने तेवढंच केलं.

मग तक्त्यावरून कटऑफ कसा काढायचा? २००१ मध्ये सिअ‍ॅटलला भरलेल्या आयजेसीएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेत सॅन दिएगोच्या चार्ल्स एल्कन यांनी याची नीट मांडणी केली. कर्ज बुडण्याची शक्यता p असेल, तर देण्याचा अपेक्षित खर्च ५p आणि नाकारण्याचा १−p. दोन्ही सारखे होतात तिथे कटऑफ:

```
5p = 1 − p   →   p* = 1 / (1 + 5) ≈ 0.167
```

म्हणजे बुडण्याची शक्यता साधारण १७ टक्क्यांच्या वर गेली की नकार. सवयीचा ५० टक्के हा आकडा दोन्ही चुका सारख्याच महाग असतात तेव्हाच बरोबर ठरतो.

पण एल्कन यांच्या लेखातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा सूत्राचा नाही. त्यांनी थेट जर्मन क्रेडिटच्या तक्त्यावरच बोट ठेवलं. कर्ज नाकारलं की बँकेच्या हातून पैसा जातही नाही आणि येतही नाही, मग समोरचा माणूस प्रत्यक्षात कसाही निघो. तेव्हा पैशांचा हिशेब असेल तर नकाराच्या ओळीतले दोन्ही आकडे सारखे हवेत. या तक्त्यात मात्र ते ० आणि १ आहेत, कारण हुकलेलं व्याज खर्च म्हणून धरलं आहे.

एवढ्याने कटऑफ बदलत नाही. नकाराला दोन्हीकडे ०, चांगल्याला कर्ज दिल्यास नफा १ आणि बुडीताला दिल्यास तोटा ५ असा रोकड तक्ता मांडला, तरी उत्तर १/६ च येतं. घोळ होतो तो दोन्ही पद्धती एकत्र झाल्या की. समजा एका कर्जात व्याजाचे १०,००० रुपये सुटतात आणि बुडालं तर ५०,००० जातात. कोणी चांगल्याला दिलेल्या कर्जाच्या घरात १०,००० नफा लिहिला आणि चांगल्याला नाकारल्याच्या घरात तेच १०,००० तोटा म्हणून पुन्हा लिहिले, तर एकच व्याज दोनदा मोजलं गेलं. आता कटऑफ २/७, म्हणजे जवळपास २९ टक्के निघतो. २५ टक्के धोका असलेला अर्जदार मंजूर होतो, आणि अशा कर्जात सरासरी मिळकत ७,५०० वजा १२,५००, म्हणजे दरवेळी ५,००० चा तोटा. मॉडेलचे आलेख पाहून हे कधीच लक्षात येत नाही. तक्त्याच्या प्रत्येक घरापुढे ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारलं तरच सापडतं.

सूत्राची दुसरी अट p खरा असण्याची. शंभर जणांना मॉडेलने २० टक्के धोका सांगितला, तर त्यातले वीसेक बुडायला हवेत. न छाटलेल्या निर्णयवृक्षाच्या टोकाशी तीनच कर्जं उरलेली असतात, तिन्ही चांगली असली की झाड धोका शून्य सांगतं. त्या शून्यावर १/६ चा कटऑफ लावण्यात अर्थ नाही. धोक्याचे गट पाडून प्रत्येक गटात प्रत्यक्ष किती बुडाले ते ताडून पाहिलं की हा दोष दिसतो.

आणि इथेच जर्मन क्रेडिटची शेवटची गोम आहे. २०१९ मध्ये उलरिके ग्रोम्पिंग यांनी या डेटाचं मूळ शोधून काढलं. कर्जं १९७३ ते १९७५ मधली, दक्षिण जर्मनीतल्या बँकेची. प्रचलित प्रतीत रकान्यांचे अर्थच चुकीचे दिलेले होते, आणि बुडीत कर्जं मुद्दाम खूप जास्त प्रमाणात उचललेली होती. ३० टक्के हा त्या बँकेचा बुडीत दर नव्हताच.

समजा खरा दर ५ टक्के आहे. मग सगळ्यांना देण्याचा खर्च दर अर्जामागे ०.२५ आणि सगळ्यांना नाकारण्याचा ०.९५. ज्या सरसकट नकाराने सी४.५ ला हरवलं, तोच आता सरसकट मंजुरीच्या जवळपास चौपट महाग. कटऑफही सरकतो: ३० टक्क्यांच्या नमुन्यावर शिकलेल्या मॉडेलचा आकडा खऱ्या दरात बदलून घेतला, तर खरा १/६ धोका त्या मॉडेलच्या मापात सुमारे ०.६२ ला येतो. तक्ता तोच, ग्राहक तेच, आणि ०.१७ ऐवजी ०.६२. एल्कन यांच्या लेखात दर बदलल्यावर शक्यता दुरुस्त करण्याचं सूत्रही आहे. ते वापरायला आधी खरा दर माहीत हवा.

सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या २०२४ मधल्या १.५ आवृत्तीत कटऑफ आपोआप शोधणारं `TunedThresholdClassifierCV` आलं. त्याच्या दस्तऐवजातल्या खर्चाच्या उदाहरणात हाच डेटासेट आहे, आणि आकडेही तेच, एक आणि पाच. ते साधन दिलेल्या नमुन्यावर सर्वांत स्वस्त पडणारा कटऑफ शोधतं. नमुन्यात बुडीत कर्जं मुद्दाम वाढवलेली आहेत की नाहीत, हे त्याला कळायला मार्ग नाही.