गर्भपाताच्या गोळ्यांनंतरचा रक्तस्राव आणि कळा

भारतात नऊ आठवड्यांपर्यंतची गर्भधारणा नोंदणीकृत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्यांनी संपवता येते. पहिली गोळी मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅमची. तिच्यानंतर बहुतेकींना काहीच होत नाही, काहींच्या अंगावरून थोडेसे जाते. खरा रक्तस्राव २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टोलनंतर येतो, कारण गर्भपिशवीला आकुंचन आणणारे औषध ते आहे.

समजा, सात आठवड्यांची गर्भवती असलेल्या बाईला बुधवारी सकाळी दहाला मिसोप्रोस्टोल दिले. दुपारपर्यंत ओटीपोटात कळा सुरू होतात, थंडी वाजते, जुलाब होतात, अंग तापते. मग रक्त येऊ लागते, पाळीपेक्षा बरेच जास्त, आणि लिंबाएवढ्या गाठीही पडतात. गर्भ बाहेर पडताना कळा सर्वांत तीव्र असतात. बहुतेकदा हे संध्याकाळपर्यंत उरकते आणि त्यानंतर कळा उतरतात. डॉक्टरांनी चालेल म्हटले असेल तर आयबुप्रोफेन कळा सुरू होतानाच घ्यावी, पॅरासिटामॉलपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. गुरुवारपासून पाळीसारखे जाते आणि पुढे दोन आठवडे कमीअधिक. काहींना महिनाभर डाग दिसतात. मध्येच एक दिवस थांबून पुन्हा सुरू झाले, तर तेवढ्यावरून काही बिघडले असे समजू नये.

जास्त म्हणजे किती, हे घाबरल्या जिवाला कळत नाही, म्हणून पॅड बदलताना वेळ लिहून ठेवावी. मोठे पॅड काठोकाठ भिजले तरच ते एक धरायचे. तासाला दोन किंवा अधिक, असे सलग दोन तास झाले तर रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड असेल तर पॅड मोजत बसू नये.

पहिल्या दिवसाचा ताप औषधाचा असतो. चोवीस तासांनंतर १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, घाण वासाचा स्राव, गोळीनेही न हटणारे दुखणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. क्वचित ताप न येताही गंभीर संसर्ग होतो. दुसऱ्या दिवसानंतर उलट्या, जुलाब आणि गळून गेल्यासारखे वाटत राहिले तर दाखवावेच.

रक्त कमी येणेही धोक्याचे असू शकते. मिसोप्रोस्टोलनंतर २४ तासांत काहीच गेले नाही, तर गर्भ टिकून असेल किंवा गर्भपिशवीऐवजी गर्भनळीत असेल. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत. एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्याच्या टोकाला कळ, भोवळ, यांपैकी काही असल्यास नळी फुटल्याचा संशय घेऊन त्याच क्षणी निघावे.

पुन्हा तपासणी साधारण दोन आठवड्यांनी होते. लघवीची चाचणी चार आठवड्यांपर्यंतही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून लवकर केलेल्या चाचणीवर विसंबू नये. सोनोग्राफीत पिशवीत थोड्या गाठी दिसल्या, पण रक्तस्राव ओसरत आहे आणि ताप नाही, तर केवळ त्या चित्रावरून क्युरेटिंग करण्याची गरज नसते.