चौकाला नाव द्यायचंय? अर्ज कुठे अडकतो ते आधी बघा

परवा एक काका खूश होऊन फोन करत होते, म्हणाले आपला प्रस्ताव दप्तरी दाखल झाला! मला सांगायला जीवावर आलं, पण महापालिकेच्या भाषेत दप्तरी दाखल म्हणजे फाइल बंद. पुढे काहीच होणार नाही. तहकूब असेल तर निदान पुढच्या सभेत विषय परत येऊ शकतो. कळवलेल्या पत्रात नक्की कुठला शब्द आहे तो आधी वाचा, मग पेढे आणा.

प्रक्रिया तशी छोटी आहे. अर्ज सहसा नगरसेवकाच्या पत्रासोबत जातो, त्यावर प्रशासनाचा अभिप्राय येतो, मग विषय महासभेच्या पत्रिकेवर लागतो आणि ठराव होतो. महासभा नसेल तेव्हा हा अधिकार प्रशासकाकडे असतो, नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून निवडणुका होईपर्यंत तसंच चाललं. सोबत व्यक्तीची माहिती, मृत्यूचा दाखला, घरच्यांचं संमतीपत्र, आसपासच्या सोसायट्यांची पत्रं आणि जागेचा नकाशा जोडायचा. हयात माणसाचं नाव शक्यतो घेतच नाहीत, त्यामुळे वाढदिवसाची भेट वगैरे डोक्यात असेल तर राहू द्या.

आता खरी अडचण. रस्ता कोणाचा? हा कागद कोणाकडेच नसतो. नवी मुंबईत सिडकोने शहर वसवलं, महापालिका आली 1992 साली, आणि मधे एमआयडीसी, सार्वजनिक बांधकाम खातं असे बाकीचे मालकही आहेत. रस्ता पालिका झाडते म्हणजे तो पालिकेचा झाला असं नसतं, हस्तांतरणाची नोंद लागते. ती नसेल तर अभिप्रायात एवढंच येतं की सदर रस्ता महापालिकेच्या मालकीचा नाही, आणि विषय संपला. म्हणून अर्जाच्या आधी माहिती अधिकारात विचारून घ्या, 10 रुपये लागतात आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. त्याच अर्जात या जागेला आधी काही नाव दिलंय का हेही विचारा, कारण ठराव झालेला असतो पण पाटी कधी लागलेलीच नसते.

आमच्याकडचंच सांगते. गावातल्या एका शिक्षकांचं नाव चौकाला द्यायचं होतं, अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. पहिल्या अर्जात लिहिलं 'शाळेसमोरील चौक', तर शाळेसमोर दोन चौक निघाले, अर्ज परत. दुसऱ्यांदा नकाशा जोडला तेव्हा कळलं की चौकात येणाऱ्या चारपैकी एक रस्ता एमआयडीसीचा आहे. त्यांचं ना हरकत पत्र आणायचं की जागा बदलायची यावर मीटिंगा झाल्या, भांडणं झाली, शेवटी शाळेच्या गेटपासून तलावापर्यंतचा आतला रस्ता धरला. पूर्ण पालिकेचा, बिननावाचा, सुरुवात आणि शेवट लिहिलेला. तो मंजूर झाला. चौकाएवढा दिमाख नाही, पण सर रोज त्याच रस्त्याने जायचे.

ठरवणारे नक्की काय बघतात? मालकी आणि आधीचं नाव तर झालंच, त्याच नावाचा दुसरा रस्ता शहरात आहे का तेही बघतात, आणि मग त्या माणसाचा त्या जागेशी संबंध काय. इथे ठाणे आणि नवी मुंबईत फरक पडतो. ठाण्यात गोखले रोड, राम मारुती रोड ही नावं लोकांच्या पत्त्यात आहेत, ती बदलायला गेलात तर दुकानदारांपासून सगळे हरकत घेणार. नवी मुंबईत पत्ता सेक्टर आणि प्लॉट नंबरवर चालतो, रस्त्याच्या नावाशिवाय कोणाचंही पार्सल अडत नाही. म्हणजे नाव द्यायचं ते फक्त आठवणीसाठी. ज्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर हे सेक्टर उभे राहिले तिथे आपल्या माणसाच्या नावाचा आग्रह एवढा का असतो, हे त्यावरून समजेल. अर्जातही हेच लिहा, माणूस या जागेचा कसा. 'थोर समाजसेवक' सगळेच लिहितात, त्यावरून कोणाला काही कळत नाही. आणि खरं सांगायचं तर एवढं सगळं बरोबर असूनही सभेत बहुमत कोणाचं यावर पुष्कळ ठरतं, त्याला कागदात उपाय नाही.

अजून एक, नावाच्या अर्जातच 'आणि तेथे पुतळा उभारावा' असं लिहू नका हो. सार्वजनिक रस्त्यावर पुतळे किंवा बांधकामाला परवानगी देऊ नका असा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2013 चा आदेश आहे. त्या एका ओळीने साधं नामकरण लटकतं.

आणि ठरावाआधी स्वतःच्या खर्चाने पाटी लावू नका. ती अनधिकृत फलक म्हणून काढतात, घरच्यांसमोर काढतात, फार वाईट दिसतं. मंजूर झाल्यावर मात्र ठरावाचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा आणि सही-शिक्क्याची प्रत घ्या, पाटीसाठी इंजिनिअरच्या मागे लागताना तोच कागद दाखवावा लागतो.