एका वाक्याची दोन झाडं: या गृहपाठाची पार्श्वभूमी

भाषाशास्त्राच्या पहिल्या सत्रात हमखास येणारा प्रश्न: संदिग्ध वाक्य घ्या, त्याच्या दोन वृक्षाकृती काढा आणि प्रत्येकीचा अर्थ सांगा. याचं मूळ झाडांपेक्षा जुनं आहे. लेनर्ड ब्लूमफिल्डने 1933 मध्ये वाक्य एकेक शब्दाने न तोडता आधी दोन मोठ्या तुकड्यांत, मग त्या तुकड्यांच्या तुकड्यांत तोडायची पद्धत मांडली. रूलन वेल्सने 1947 मध्ये तिला शिस्त लावली. तुकडा नेमका कुठे पाडायचा, हा त्याचा प्रश्न होता. एकाच शब्दरांगेत दोन ठिकाणी काप बसू शकत असेल, तर संदिग्धतेचं कारण शब्दांत नसून कापात असतं.

नोम चॉम्स्कीने 1957 च्या पुस्तकात याचीच कसोटी केली. ‘ओल्ड मेन अँड विमेन’ला व्याकरणाने आपोआप दोन रचना दिल्या, तर ते व्याकरण बरोबर वाटेवर आहे, असा त्याचा युक्तिवाद. हे उदाहरण जसंच्या तसं मराठीत आणलं तर फसतं. ‘म्हातारे’ हे रूप पुल्लिंगी असल्यामुळे ‘म्हातारे पुरुष आणि बायका’ ऐकताना ते पुरुषांकडेच ओढलं जातं. न बदलणारं विशेषण घ्या, मग खेळ रंगतो:

[गरीब [पुरुष आणि बायका]]
[[गरीब पुरुष] आणि बायका]

माझ्या मते मराठीसाठी याहून चांगलं वाक्य हे: ‘रमाने काल आलेल्या पाहुण्यांना जेवायला बोलावलं.’ काल काय झालं, पाहुणे आले की बोलावणं गेलं? पहिल्या अर्थात ‘काल’ची फांदी ‘आलेल्या’च्या गाठीला, म्हणजे ‘पाहुण्यांना’च्या पदबंधाच्या आत लागते. दुसऱ्यात ती त्या पदबंधाबाहेर, ‘जेवायला बोलावलं’च्या बाजूला राहते. ताळा सोपा आहे. ‘काल आलेल्या पाहुण्यांना’ हा अख्खा तुकडा उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा: ‘काल आलेल्या पाहुण्यांना रमाने जेवायला बोलावलं.’ आता पाहुणे काल आले, हाच अर्थ पुढे येतो. उलट ‘आलेल्या पाहुण्यांना रमाने काल जेवायला बोलावलं’ म्हटलं, की फक्त बोलावणं कालचं. उत्तरात ‘दोन अर्थ होतात’ एवढंच लिहून भागत नाही. फांदी कोणत्या गाठीला लागली, ते लिहायचं.

गुण जातात ते ‘त्याने पट्टी आणली’सारख्या वाक्यात. मोजायची पट्टी की जखमेवरची, हा शब्दाचा घोळ, झाड एकच. तरी मुलं दोन झाडं काढतात, आणि ती अर्थातच हुबेहूब सारखी निघतात.

आणि ‘वाघाची शिकार’? वाघाने केलेली की वाघाची केलेली? पट्टीसारखे इथे दोन वेगळे शब्द नाहीत आणि फांद्याही त्याच, तरी अर्थ दोन. चॉम्स्कीने त्याच पुस्तकात ‘द शूटिंग ऑफ द हंटर्स’ घेऊन हीच अडचण दाखवली. शिकारी तिथे गोळी झाडणारे की गोळी लागलेले, हे एका झाडावरून कळत नाही. त्याच्या मते तो पदबंध दोन वेगळ्या वाक्यांतून रूपांतराने आलेला असतो, एकात शिकारी कर्ता, दुसऱ्यात कर्म.