सब्जेक्ट, प्रीव्ह्यू आणि प्रीहेडरचा घोळ

ईमेलचा विषय 78 अक्षरांत बसवावा, असा सल्ला अजूनही दिला जातो. त्याचे मूळ 2001 च्या तांत्रिक मानकात आहे, पण ती शिफारस प्रत्येक ओळीच्या लांबीबद्दल होती. विषय मोठा असेल तर तो पुढच्या ओळीवर नेण्याची सोय त्याच मानकात आहे. वाचणाऱ्याला किती दिसेल, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नव्हता.

तो प्रश्न उभा राहिला इनबॉक्सच्या यादीमुळे. 2004 साली आलेल्या एका वेबमेल सेवेने विषयाशेजारी पत्राचे पहिले शब्द करड्या रंगात दाखवले. 2007 नंतर स्पर्शपडद्याच्या फोनवर विषयाला एक ओळ आणि त्याखाली मजकुराच्या साधारण दोन ओळी मिळू लागल्या. अक्षरांच्या आकारानुसार त्या एका ओळीत जेमतेम 30 ते 40 अक्षरे मावतात.

इथे ‘प्रीहेडर’ आणि ‘प्रीव्ह्यू’ या शब्दांची गल्लत सुरू झाली, ती आजतागायत आहे. प्रीहेडर म्हणजे पत्राच्या माथ्यावरची बारीक ओळ. तिथे वर्षानुवर्षे ‘पत्र नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये उघडा’ असे लिहिलेले असे. प्रीव्ह्यू म्हणजे मेल ॲप यादीत जे दाखवते ते. ॲप पत्राचा पहिला मजकूर उचलते, म्हणून ती सूचनाच प्रीव्ह्यू होऊन बसली.

उपाय म्हणून खास प्रीव्ह्यूसाठी एक ओळ लिहून ती पत्रात लपवण्याची पद्धत रूढ झाली:

```html
<div style="display:none">खोली तीच. अहवाल सोमवारी पाठवा.</div>
```

यावर वाद झाला. मजकूर लपवणे ही स्पॅमवाल्यांची जुनी खोड, त्यामुळे अनेकांना ते खटकले. मला मात्र लपवलेली ओळ पत्राशी प्रामाणिक असेल तर गैर वाटत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. ओळ आखूड पडली की ॲप उरलेल्या जागेत पत्राचा पुढचा मजकूर ओढते आणि ‘ब्राउझरमध्ये उघडा’ परत दिसते. म्हणून ओळीनंतर `‌ ` ची न दिसणारी रांग भरण्याची युक्ती निघाली. ती सर्व ॲपमध्ये सारखी चालत नाही, तेव्हा चाचणीचे पत्र स्वतःच्या फोनवर पाठवून यादीत पाहावेच लागते.

‘आपल्या माहितीसाठी: मंगळवारी होणाऱ्या मासिक आढावा बैठकीच्या वेळेत बदल करण्याबाबत’ हा विषय फोनवर ‘मासिक आढावा’च्या आसपास तुटतो आणि बदल झाला हेच दिसत नाही. ‘मंगळवारची बैठक 11 ऐवजी 4 वाजता’ हा विषय पुरा दिसतो. खोली आणि अहवालाची बाब प्रीव्ह्यूकडे जाते. वेळ तिथे पुन्हा लिहिली तर जागा वाया जाते, शिवाय प्रीव्ह्यू बंद ठेवणाऱ्याला ती विषयातच मिळालेली असते.